बाळंतिणीची मूळव्याध: तपासणीत सांगायची कशी, बरी करायची कशी

दीड महिन्याच्या तपासणीला प्राजक्ताचा नंबर लागला तेव्हा डॉक्टर मॅडमच्या खोलीत ती, तिची आई, सासूबाई, बाळ आणि केसपेपर घेऊन उभी असलेली सिस्टर एवढी मंडळी होती. दाराचा पडदा अर्धा सरकलेला आणि पलीकडे नवरा. मॅडमनी बीपी घेतलं, पोटावर हात दाबून गर्भाशय आत बसलंय का ते पाहिलं, टाके पाहिले, तांबी बसवायचा विचार आहे का ते विचारलं. मग म्हणाल्या, "बाकी काही त्रास?" प्राजक्ताने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. "थोडं खाली दुखतं," ती म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "टाके छान भरलेत. अजून थोडे दिवस दुखेल." केसपेपरवर दुखण्याची गोळी लिहून झाली आणि पुढच्या बाईला हाक गेली.

खरी गोष्ट अशी होती की बाळंतपणाच्या पाचव्या दिवसापासून तिला संडासला रक्त जात होतं. जोर केला की काहीतरी मऊ बाहेर यायचं आणि थोड्या वेळाने आपोआप आत जायचं. संडासला जायला लागू नये म्हणून ती रात्रीचं जेवण टाळत होती. लोहाच्या गोळ्या तिने गुपचूप बंद केल्या होत्या.

प्राजक्ता ही कुणी खरी बाई नाही, अशा बऱ्याच जणींच्या तक्रारी एकत्र करून ही गोष्ट रचली आहे. तिच्या आधाराने पुढच्या पायऱ्या सांगणं सोपं जातं, म्हणून ती शेवटपर्यंत सोबत राहील.

मॅडमचं चुकलं का? थोडंसं. "संडासला साफ होते का, रक्त जातं का" हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारायला हवा होता. पण गर्दीच्या ओपीडीत या तपासणीचा रोख अंगावरून जाणं, टाके, स्तन, बीपी आणि पाळणा लांबवणं यावर असतो. "खाली दुखतं" म्हटलं की डॉक्टर योनीकडचे टाके बघतात. शौचाची जागा तिथून चार बोटांवर असली तरी नाव घेतल्याशिवाय तिच्याकडे लक्ष जात नाही.

त्या दिवशी प्राजक्ताची सुटका झाली ती लसीच्या खोलीत. दीड महिन्याचे डोस एका दिवशी बरेच असतात: पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल. बाळाला मांडीवर घट्ट धरायचं म्हणून ती स्टुलावर बसली आणि बसताना सगळा भार डाव्या कुल्ल्यावर टाकला. लस देणाऱ्या सिस्टरने सिरिंज भरता भरता विचारलं, "ताई, वाकड्या का बसताय? मूळव्याध झालीय का?" आई बाहेर औषधं घ्यायला गेली होती. प्राजक्ताने नुसती मान हलवली. बाळाचं रडणं थांबल्यावर सिस्टर तिला परत मॅडमकडे घेऊन गेली आणि या वेळी पडदा पूर्ण ओढला.

हे होतं कशामुळे

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो आणि गुदद्वाराभोवतीच्या शिरांतलं रक्त वर जायला अडखळतं. त्याच काळात वाढलेल्या प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी सुस्तावतात आणि शिरांच्या भिंती सैल पडतात. मग प्रसूतीच्या वेळी जोर लावावा लागतो. बाळ मोठं असेल, कळा देण्याचा काळ लांबला असेल किंवा चिमटा-व्हॅक्यूम लावावा लागला असेल, तर त्या जागेला आणखी ताण बसतो. सिझेरियन झालेल्यांनाही मूळव्याध होते, कारण निम्मं काम आधीच्या नऊ महिन्यांत झालेलं असतं.

उरलेलं निम्मं घरी होतं. प्राजक्ता तिसऱ्या दिवशी माहेरी आली. टाके उसवतील या भीतीने दोन दिवस तिने संडासची भावना दाबून ठेवली. ताटात तूप-मेतकूट-भात, शेवयांची खीर, डिंकाचे लाडू. पालेभाजी नाही, कारण बाळाच्या पोटात दुखेल. पाणी बेताचं, कारण बाळंतिणीचं पोट सुटेल. वर दिवसभर अंगावर पाजणं, म्हणजे शरीरातलं पाणी दुधावाटे जातच होतं. पाचव्या दिवशी जे व्हायचं तेच झालं: खडा, जोर, कळ आणि रक्त.

तपासणीच्या आधी चार गोष्टी बघून ठेवा

रक्त, दुखणं, गाठ आणि संडासवरचा ताबा. या चार गोष्टींची उत्तरं तयार असली की डॉक्टरांचं निम्मं निदान बोलण्यातच होतं.

रक्ताचा घोळ बाळंतिणीत हमखास होतो, कारण अंगावरूनही जात असतं. पहिले तीन-चार दिवस ते लालभडक असतं, मग दहाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत गुलाबी-तपकिरी आणि नंतर पिवळट-पांढरं होत जातं. प्राजक्ताला तिसऱ्या आठवड्यात पॅडवर लाल डाग दिसले तेव्हा तिने ते अंगावरूनचं धरलं. ओळखायची रीत सोपी आहे. संडास झाल्यावर धुवून घ्या, मग एका स्वच्छ कापडाने फक्त पुढची जागा टिपा आणि दुसऱ्या कापडाने फक्त मागची. लाल डाग कुठल्या कापडावर आहे ते बघा. पुसताना हात नेहमी पुढून मागे.

दुखण्याचं विचाराल तर वेळ महत्त्वाची. आतल्या मूळव्याधीतून रक्त थेंब थेंब पडतं, कधी भांड्यात शिंतोडे उडतात, पण ती सहसा दुखत नाही. संडास होताना ब्लेडने कापल्यासारखं होत असेल आणि नंतर तासभर, कधी दोन-तीन तास आग राहत असेल, तर ती बहुधा चीर असते, म्हणजे डॉक्टर ज्याला फिशर म्हणतात ती. बाळंतिणींमध्ये चीर खूप सापडते आणि घरोघरी तिलाही मूळव्याधच म्हटलं जातं. तिसरा प्रकार म्हणजे गुदद्वाराच्या कडेला अचानक आलेली, निळसर-जांभळी, टणक, करवंदाएवढी गाठ. तिच्यात रक्त गोठलेलं असतं. पहिले दोन-तीन दिवस ती जीव नकोसा करते आणि मग आठ-दहा दिवसांत ओसरत जाते. ही गाठ आली तर दीड महिन्याच्या तपासणीची वाट बघू नका. कापून रक्त काढायचं असेल तर त्याचा फायदा पहिल्या ७२ तासांतच असतो.

गाठ म्हणजे मोड आहे का, हे हाताला कळतं. आंघोळीच्या वेळी बोटाने बाहेरची जागा चाचपा किंवा खाली बसून छोटा आरसा धरा. मोड फक्त जोर करताना येऊन आपोआप आत जातो, की बोटाने ढकलावा लागतो, की कायम बाहेरच असतो? मूळव्याधीची पायरी डॉक्टर यावरूनच ठरवतात. येतच नाही आणि फक्त रक्त जातं ती पहिली, आपोआप आत जातो ती दुसरी, ढकलावा लागतो ती तिसरी आणि आत जातच नाही ती चौथी. प्राजक्ताची दुसरी होती.

चौथी गोष्ट जरा बाजूची, पण चुकवू नका. वारा सरताना किंवा संडासची घाई लागल्यावर ताबा राहत नाही का? कपड्याला डाग लागतो का? असेल तर ती मूळव्याध नसून प्रसूतीत गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली फाट असू शकते. लाजेपोटी मूळव्याधीपेक्षाही जास्त लपवली जाणारी तक्रार हीच, आणि वेळेत कळली तर तिच्यावर उपचार आहेत.

सांगायचं कसं

"खाली त्रास आहे" हे वाक्य टाळा. त्याचा अर्थ टाकेही होतो, पांढरं जाणंही होतो आणि लघवीची जळजळही. "संडासच्या जागी" हे शब्द वाक्यात आलेच पाहिजेत. मी सुचवेन ते वाक्य असं: "मॅडम, मला संडासच्या जागी त्रास आहे. पाचव्या दिवसापासून रक्त जातं, जोर केला की मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो." एवढ्यात सगळं आलं. हे खोलीत शिरल्या शिरल्या सांगा. शेवटी सांगू म्हटलं तर तोवर मॅडमचं पेन पुढच्या केसपेपरवर गेलेलं असतं.

तोंडातून शब्दच फुटत नसेल तर लिहा. घरून निघताना एका चिठ्ठीवर हेच वाक्य लिहून केसपेपरला लावून ठेवा, किंवा नाव नोंदवताना सिस्टरच्या हातात द्या. कुणी हसणार नाही. प्रसूतिगृहात हे रोजचं आहे.

खोलीतल्या माणसांचं काय करायचं, ही मोठी अडचण. सासूबाईंना बाहेर जा म्हणणं कुणाला जमतं? त्यापेक्षा बाळाचा उपयोग करा. "आई, बाळाला जरा बाहेर घेऊन बसता का, इथे फार गार लागतंय त्याला," असं म्हटलं की काम होतं. तेही जमलं नाही तर तपासणीच्या टेबलावर, पडद्याआड गेल्यावर बोला. तिथे तुम्ही, डॉक्टर आणि सिस्टर एवढेच असता. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टर सोबत असू द्या असं सरळ म्हणावं.

दवाखान्यात जमलंच नाही, तर आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बाळाला बघायला त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. भेट बाळासाठी असली तरी आईचा त्रासही त्यांना सांगता येतो आणि त्या पुढे पाठवतात. सातव्या दिवशी सांगितलं असतं तर प्राजक्ताचे पाच आठवडे वाचले असते.

टेबलावर काय होतं

बहुतेकींना सांगण्यापेक्षा तपासणीची भीती जास्त असते, म्हणून हे नीट सांगते. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. अंगावर चादर असते. डॉक्टर आधी नुसतं बघतात आणि कुल्ला हाताने किंचित बाजूला करतात. बाहेरचा मोड, गोठलेली गाठ आणि बरीचशी चीर एवढ्यावरच दिसते. "जरा संडासला केल्यासारखा जोर करा" असं सांगतात, म्हणजे आतला मोड खाली येतो का ते कळतं. मग हातमोज्यावर जेली लावून एक बोट आत घालतात. तेव्हा तोंडाने श्वास सोडत राहिलं तर जागा सैल पडते. चीर ताजी असेल तर चांगले डॉक्टर बोट घालतच नाहीत आणि ती भरल्यावर पुढच्या वेळी तपासतात. खूप दुखत असेल तर थांबा म्हणा, ते थांबतात. काही वेळा प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत बघतात. सगळं मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

संडास करून, धुवून जा, एवढीच तयारी. उपाशी राहायची गरज नाही.

प्राजक्ताच्या तपासणीत दुसऱ्या पायरीची मूळव्याध आणि मागच्या बाजूला भरत आलेली छोटी चीर सापडली. हिमोग्लोबिन ९.२ आलं. तेव्हा मॅडमनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?" आणि तेही बाहेर आलं.

आधी संडास मऊ, मग बाकी सगळं

बाळंतिणीच्या मूळव्याधीत मलमाला उगाच फार मान दिला जातो. मलमाने आग कमी होते. मोड आत बसतो तो रोज कडक खडा घासला जाणं थांबल्यावर. चिरेचंही तसंच आहे. कडक संडासने जखम होते, दुखतं म्हणून आतला स्नायू आवळून बसतो, आवळल्यामुळे तिथे रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. दुसऱ्या दिवशी तीच जखम पुन्हा उकलते.

मॅडमनी प्राजक्ताला इसबगोल दिलं. रात्री झोपताना पोहे खायच्या चमच्याने एक चमचा भुसा पेलाभर पाण्यात ढवळायचा आणि घट्ट व्हायच्या आत पिऊन टाकायचा. लगेच वर आणखी एक पेला पाणी. पहिले तीन दिवस अर्धाच चमचा, नाहीतर पोटात वारा धरतो. इसबगोलचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून एका रात्रीत काही झालं नाही म्हणून सोडू नका. पाणी कमी पिऊन ते घेतलं तर मात्र उलटं होतं, आतच घट्ट होऊन बसतं. इसबगोलने भागलं नाही तर लॅक्ट्युलोजचं पातळ औषध देतात, साधारण १५ मिली रात्री. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, त्यामुळे दुधातून बाळाला जायची चिंता नाही. एरंडेल, सोनामुखी किंवा कुणीतरी दिलेलं बिनलेबलाचं चूर्ण मनाने घेऊ नका. जुलाब झाले तर कच्ची जागा आणखी सोलवटते.

पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, ताक-सार-पेज धरून. हिशोब लक्षात ठेवायचा कंटाळा येतो, म्हणून प्राजक्ताने प्रत्येक पाजण्याच्या वेळी शेजारी एक पेला ठेवायला सुरुवात केली. दिवसातून आठ-दहा वेळा पाजलं की पाणी आपोआप पुरं होतं.

खाण्यावर घरात वाद नको असेल तर बाळंतिणीचं ताट मोडू नका, त्यातच भर घाला. भाताच्या जोडीला ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी. दोन्ही वेळेला भाजी: शेपू, चाकवत, राजगिरा, दुधी, पडवळ. शेपू तर बाळंतिणीचीच भाजी मानली जाते, तिला आजीही नाही म्हणणार नाहीत. सालाच्या मुगाचं वरण. रात्री भिजवलेली दोन-तीन अंजिरं किंवा मूठभर काळ्या मनुका, आणि पिकलेली पपई. डिंकाचा लाडू दिवसाला एक पुरे. अळिवाची खीर चालेल, अळीव पाणी धरून ठेवतात, फक्त वर पाणी प्या. तंतुमय खाणं हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं. आणि पालेभाजीने बाळाचं पोट दुखतं ही भीती सोडून द्या, भाजीतला चोथा दुधात उतरत नाही.

लोहाच्या गोळ्या हा नाजूक मामला. त्यांनी संडास घट्ट होते हे खरं, पण रक्त जात असताना त्या बंद करणं म्हणजे दोन्हीकडून तोटा. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर रोज एक गोळी १८० दिवस घ्यायची असते. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलतात, काहींना एक दिवसाआड देतात आणि हिमोग्लोबिन कमी असून गोळ्या सोसतच नसतील तर शिरेतून लोह देतात. हे पर्याय तुम्ही त्रास सांगितला तरच पुढे येतात. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका आणि इसबगोलपासून दोन तास लांब ठेवा. गोळ्यांनी संडास काळपट-हिरवी होते, ते चालतं.

संडासला बसणं

सकाळी उठून गरम पाणी किंवा चहा-नाश्ता झाला की अर्ध्या तासात आतडं हलतं. त्या वेळी बाळ आईच्या हातात द्या आणि जा. भावना आली की जा, दाबू नका. बसण्यात पाच मिनिटांच्या वर घालवू नका आणि मोबाइल बाहेर. जोर लावायचा नाही, पोट सैल सोडून तोंडाने लांब श्वास सोडायचा. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते. टाके ताजे असतील तर स्वच्छ कापडाची घडी पुढच्या टाक्यांवर हलकी दाबून धरा. संडासने टाके उसवत नाहीत, पण हाताचा आधार असला की मनाला ते पटतं. जाण्याआधी बाहेरच्या कडेला बोटाने थोडं खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावली तर घासत नाही.

नंतर साध्या पाण्याने धुवा. फवारा जोरात मारू नका. साबण आणि जंतुनाशकाचं पाणी तिथे नको, त्याने आग वाढते आणि कातडी सुकून पुन्हा चिरते. टिपून कोरडं करा, चोळू नका.

टब, थंड शेक, मलम

रुंद प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवल्यावर सोसवेल एवढंच. ढुंगण बुडेल असं १० ते १५ मिनिटं बसा. दिवसातून दोन-तीनदा, त्यातलं एकदा संडासनंतर. पाण्यात काही घालायची गरज नाही. उष्णतेने आवळलेला स्नायू सैल होतो, सगळं काम त्यानेच होतं. टब बाळाच्या आंघोळीचा नको, वेगळा ठेवा. सिझेरियनचा टाका ओला होऊ नये म्हणून पाणी उथळ घ्या आणि उठताना कुणाचा तरी हात धरा. सुजलेली, ठणकणारी गाठ असेल तर पहिले दोन दिवस थंड शेक बरा: बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं, थेट कातडीवर नाही. शेगडीची धुरी त्या जागेला देऊ नका. सुजलेल्या कातडीला भाजलेलं पटकन कळत नाही.

मलम डॉक्टरांनी दिलेलंच लावा, कारण मूळव्याधीचं आणि चिरेचं वेगळं असतं. मूळव्याधीच्या मलमात बधिर करणारं लिग्नोकेन आणि बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते साधारण आठवडाभरच वापरायचं, जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते. चिरेसाठी डिल्टियाझेमचं किंवा निफेडिपिनचं मलम देतात, ते स्नायू सैल करतं. दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढं, कडेला आणि किंचित आत, आणि ते सहा ते आठ आठवडे. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं म्हणून बंद केलं की चीर पुन्हा उकलते. इथे बऱ्याच जणी चुकतात. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा, मग बाळाला घ्या. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. कोडीन असलेली गोळी मात्र नको: तिने संडास घट्ट होते आणि दुधातून बाळालाही सुस्ती येऊ शकते.

पाजताना कुशीवर झोपून पाजलं तर जागेवर भार येत नाही. गोल भोकाची उशी थोडा वेळ ठीक, पण तासन्‌तास तिच्यावर बसलं तर मधला भाग लोंबतो आणि सूज वाढते.

किती दिवसांत काय व्हावं

प्राजक्ताची संडास चौथ्या दिवशी मऊ झाली. रक्त पहिल्या आठवड्यात तुरळक झालं आणि दुसऱ्यात थांबलं. मोड जोर केल्यावर अजून येत होता, तो महिन्याभरात कमी होत गेला. बाळंतपणातली मूळव्याध बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत अशीच निवते, म्हणून डॉक्टर शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. संडास मऊ राहूनही सहा-आठ आठवड्यांनी रक्त जातच असेल किंवा मोड बाहेरच राहत असेल, तर सर्जनकडे जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला बरेचदा रबर बँड लावून भागतं. मोडाच्या मुळाशी छोटं रबर बसवतात, काही दिवसांत तो सुकून गळतो आणि दवाखान्यात राहावं लागत नाही. भिंतीवर रंगवलेल्या 'बिना ऑपरेशन, शंभर टक्के खात्री' वाल्याकडे इंजेक्शन घ्यायला जाऊ नका. तो काय टोचतो ते कुणालाच ठाऊक नसतं आणि नंतर ती जागा आकसली तर ती सोडवणं मूळव्याधीपेक्षा अवघड जातं.

वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायची वेळ कधी? भरभरून रक्त गेलं, गुठळ्या पडल्या, चक्कर आली किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. ताप येऊन गुदद्वाराजवळ ठणका लागला आणि बसवेना, म्हणजे पू धरला असू शकतो. योनीच्या वाटेने वारा किंवा संडास आली. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास झाली, मग लोहाची गोळी चालू असो वा नसो. आणि संडासमध्ये मिसळलेलं रक्त, शेम पडणं, विनाकारण वजन उतरणं किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यात घाई तासाभराची नसली तरी 'मूळव्याधच असेल' म्हणून सोडू नये. डॉक्टर पुढची तपासणी सुचवतील.

पुढच्या वेळी दिवस राहिले की नाव नोंदवतानाच मागची मूळव्याध केसपेपरवर लिहून घ्यायची आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतील त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करायचं.